फिरत्या गाडीवरील मजकूर : बाजू, पाठ आणि तोंड

दुकानाची पाटी एका जागी उभी असते आणि गिऱ्हाईक तिच्याकडे चालत येते. माल पोचविणाऱ्या गाडीचे तसे नाही. तेथे पाटीच धावत असते आणि वाचणारा बहुधा दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. कोणी रस्ता ओलांडीत असतो, कोणी मागून सायकल किंवा मोटारसायकल हाकीत येत असतो, कोणी समोरून येणाऱ्या बसचा चालक असतो. असे असूनही गाडी रंगविताना बहुतेक मालक दुकानाच्या पाटीचाच हिशेब डोळ्यांपुढे ठेवतात. जेवढी जागा मोकळी तेवढा मजकूर, हे धोरण ठरते. परिणामी गाडी वर्ध्याहून सेवाग्राम, देवळी, पुलगाव अशी रोज फिरते, हजारो डोळ्यांपुढून जाते, आणि तरीही तिच्यामुळे नवे गिऱ्हाईक आले असे घडत नाही. अशा रंगकामाची तपासणी कशी करावी, कोणत्या बाजूने काय दिसते आणि अक्षर केवढे असावे, याचा विचार येथे एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

उदाहरण कल्पनेतले असले तरी वर्धा जिल्ह्याच्या रस्त्यांवर सहज भेटेल असे आहे. वर्धा हे गोरसासाठी नावाजलेले गाव. तेथील गोरसपाक दूरवर जातो. समजा, दूध, दही, तूप आणि गोरसपाक घरोघर व दुकानोदुकानी पोचविणाऱ्या एका व्यावसायिकाजवळ एक लहान मालमोटार आहे. लोक जिला 'छोटा हत्ती' म्हणतात त्या जातीची, मागे बंद पेटी बसविलेली. पेटी सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच फूट उंच आहे. मालकाने रंगाऱ्याजवळ पुढील यादी दिली: व्यवसायाचे नाव, बोधचिन्ह, गाईचे चित्र, हिरवे कुरण, नऊ पदार्थांची नावे, 'शुद्ध, ताजे, सात्त्विक' हे ब्रीद, स्थापनेचे वर्ष, पूर्ण पत्ता, दोन भ्रमणध्वनी क्रमांक, एक घरगुती दूरध्वनी क्रमांक, संकेतस्थळाचे नाव, चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड आणि अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक. ही सारी सामग्री तिन्ही बाजूंवर सारखीच यावी अशीही त्याची इच्छा आहे. यांपैकी एकही गोष्ट खोटी किंवा निरुपयोगी नाही. चूक आहे ती एवढीच, की वाचणाऱ्याजवळ वेळ किती याचा कोणी हिशेब केलेला नाही.

तो हिशेब प्रथम करू. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली असता सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर तोडते. रस्त्याच्या कडेला, गाडीपासून पाच मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला तिची बाजू वाचायची आहे. गाडी फार तिरकी असताना अक्षरे एकमेकांत मिसळतात. ती साधारणपणे अर्ध्या काटकोनापर्यंत आली म्हणजे वाचू लागता येते आणि तितकीच पुढे गेली की वाचणे संपते. या दोन क्षणांत गाडी दहा मीटर जाते, म्हणजे वाचण्यास एक सेकंदही पुरता मिळत नाही. बाजारपेठेत वेग ताशी १५ किलोमीटरवर आला तर सव्वादोन ते अडीच सेकंद मिळतात. एवढ्या वेळात सवयीचा वाचकही चार-पाच शब्दांपलीकडे जात नाही. नऊ पदार्थांची यादी तर दूरच, दहा अंकांचा क्रमांकही हाती लागत नाही. लागला तरी टिकत नाही. कारण एकदा पाहून ध्यानात राहणाऱ्या सुट्या खुणांची संख्या सातच्या आगेमागे असते, हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर याने १९५६ साली दाखविले होते.

यावरून पहिला निर्णय निघतो. चालत्या गाडीच्या बाजूवर फक्त दोन गोष्टी पोचवायच्या: हे कोण, आणि हे काय विकतात. आपल्या उदाहरणात व्यवसायाचे नाव आणि 'दूध, दही, तूप' एवढे तीन शब्द. गोरसपाक वर्धेकरांस ठाऊकच असतो. बाहेरगावच्या माणसास तो शब्द पाहून एकदम उलगडा होत नाही. म्हणून पहिल्या ओळीत त्यास स्थान न देणे बरे.

आता अक्षराच्या उंचीचा प्रश्न. अमेरिकेतील मार्गदर्शक फलकांसाठी एक सोपे माप वापरले जाते: एक इंच उंचीचे अक्षर सुमारे ३० फुटांवरून वाचता येते. परंतु ही मर्यादा स्वच्छ अक्षर, चांगला उजेड आणि तयारीत असलेला वाचक गृहीत धरते. आपला वाचक तयारीत नाही. म्हणून त्याच्या निम्मे, म्हणजे एक इंचाला १५ फूट, हे माप धरणे शहाणपणाचे. बजाज चौकासारख्या ठिकाणी रस्त्याच्या पलीकडून, समजा १०० फुटांवरून, नाव वाचले जावे अशी अपेक्षा असेल तर अक्षराची उंची सुमारे सात इंच हवी. आठ घेतल्यास उत्तम.

येथे देवनागरीचा एक गुण लक्षात घ्यावा लागतो. रोमन मोठी अक्षरे वरपासून खालपर्यंत सारख्या उंचीची असतात. देवनागरीत अक्षराचा मुख्य देह शिरोरेषेपासून तळापर्यंत असतो. वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार त्याच्या वर जातात, उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली उतरतात. रंगारी "आठ इंचांची ओळ" म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंतचे माप सांगत असतो, आणि मग प्रत्यक्ष अक्षर पाचच इंचांचे उरते. म्हणून माप नेहमी शिरोरेषेपासून तळापर्यंतचे ठरवून द्यावे. आठ इंचांच्या देहासाठी ओळीला चौदा इंच मोकळी जागा राखावी. पाच अक्षरांचे नाव असेल तर प्रत्येकी नऊ इंच रुंदी धरून ४५ इंच लागतील. पेटीची लांबी ८४ इंच आहे. डावी-उजवीकडे मोकळीक ठेवून, एक चिन्हही बसवून नाव सुखाने मावते. मावत नाही म्हणून अक्षरे चेपून उंच व अरुंद करणे ही नेहमीची चूक होय. तिरकस दृष्टीने पाहताना रुंदी आधीच घटते. ६० अंशांनी तिरपे पाहिले तर ती निम्मीच भासते. अरुंद अक्षर अशा वेळी काठ्यांची रांग होऊन बसते. दोन अक्षरांमधील अंतर उलट नेहमीपेक्षा थोडे सैलच असावे. शाईच्या लपेटीची सुलेखनी अक्षरे जवळून रम्य दिसतात, परंतु तीस पावलांवरून 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील भेद त्यांत हरवतो.

गाडीच्या दोन बाजू जुळ्या बहिणी नव्हेत. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. म्हणून गाडीची डावी बाजू पायवाटेकडे, दुकानांकडे आणि उभ्या माणसांकडे असते. उजवी बाजू समोरून येणाऱ्या आणि ओलांडून पुढे जाणाऱ्या वाहनांकडे असते. डावीकडील वाचकास सवड अधिक. दूध उतरविताना गाडी उभी राहते तेव्हा तर पुरते मिनिटभर. आणखी एक भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डावी बाजू पाहणाऱ्याला गाडी उजवीकडून डावीकडे जाताना दिसते, म्हणून ओळीचा पहिला शब्द आधी पुढे येतो आणि शेवटचा नंतर. वाचनाचा क्रम आपोआप जुळतो. उजव्या बाजूला हे उलट होते. गाडी डावीकडून उजवीकडे धावते आणि ओळीचा शेवट प्रथम समोर येतो. लांब वाक्य तेथे मागून पुढे वाचल्यासारखे होते. तेव्हा उजव्या बाजूवर एकच नाव आणि चिन्ह, फार तर खाली तीन शब्द, आणि डाव्या बाजूवर त्याखेरीज लहान अक्षरांत पदार्थांची छोटी यादी, असा विभाग करणे योग्य.

बाजूची तपासणी दारे मिटवूनच करून थांबू नये. पुष्कळ पेट्यांची मागची दारे पुरती उघडून बाजूच्या भिंतीला टेकविता येतात. दूध उतरविताना नेमके हेच घडते आणि त्या वेळी पेटीच्या बाजूचा मागील अडीच फूट भाग झाकला जातो. म्हणजे जेव्हा गाडी सर्वांत अधिक वेळ उभी असते, तेव्हाच नावाचा शेवटचा तुकडा नाहीसा होतो. सरकत्या दाराच्या गाड्यांत दार मागे सरकून शेजारच्या पत्र्यावरील अक्षरे झाकते. उपाय सोपा आहे. बाजूचा मुख्य मजकूर पुढच्या साडेचार फुटांतच बसवावा आणि मागील भाग केवळ रंगाचा ठेवावा. वर केलेला ४५ इंचांचा हिशेब येथे बरोबर उतरतो. साडेचार फूट म्हणजे ५४ इंच. चिन्ह मात्र मग नावाच्या शेजारी न ठेवता वर किंवा खाली घ्यावे लागते. तसेच पेटीचा खालचा एक फूट बाजारात उभ्या मोटारसायकलींच्या मागे दडतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने माखतो. तेथे वाचण्यासारखे काहीही लिहू नये.

आता पाठ. गाडीचा मागचा भाग हा एकच भाग असा आहे की ज्यापुढे वाचक थांबून राहतो. रेल्वेच्या फाटकाशी, चौकातील दिव्याशी किंवा ट्रॅक्टरच्या मागे अडकलेल्या रांगेत मागचा माणूस अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटे त्याच पत्र्याकडे पाहत असतो. म्हणून संपर्काचा क्रमांक लिहावयाची खरी जागा पाठ होय. तो केवढा असावा? मोटारसायकलवाला उभ्या रांगेत दहा फुटांवर असतो; त्याला एक इंचाचे अक्षरही पुरेल. परंतु तेवढ्यावर भागविण्यात धोका आहे. चालत्या रस्त्यावर मागील माणसास क्रमांक वाचावासा वाटला आणि तो लहान असला, तर तो वाचण्यासाठी आपले वाहन पुढे काढून गाडीच्या अगदी जवळ येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला दोन सेकंदांचे सुरक्षित अंतर राखायचे तर दोहोंमध्ये २२ मीटर, म्हणजे ७० फुटांहून थोडे अधिक, असावे लागते. लहान क्रमांक हा अंतर तोडण्याचा मोहच होय. तेव्हा पाठीवरील क्रमांकाचा आकार गिऱ्हाइकाच्या सोयीपुरता न पाहता त्याच्या जीविताच्या दृष्टीनेही ठरविला पाहिजे.

चार इंच उंचीचा अंक घेतला तर तो सुखाने ६० फुटांवरून आणि प्रयत्नाने १२० फुटांपर्यंत वाचता येतो. ७० फुटांचे अंतर या दोहोंच्या मध्ये पडते. पाठीला तो मावतो का ते पाहू. चार इंच उंच अंकाची रुंदी शेजारच्या मोकळ्या जागेसह सुमारे सव्वातीन इंच होते. दहा अंकांचे साडेबत्तीस इंच झाले. पाठीची रुंदी साठ इंच आहे. परंतु ती अखंड नाही. मधोमध दोन दारांची फट आहे, फटीलगत कडीचा उभा दांडा आहे आणि दोन्ही कडांना बिजागऱ्या आहेत. क्रमांक जर दहा अंकांची सलग माळ करून लिहिला तर पाचवा किंवा सहावा अंक नेमका दांड्याखाली सापडतो. त्याऐवजी पाच-पाचचे दोन गट करून एक गट डाव्या दारावर आणि दुसरा उजव्या दारावर लिहावा. प्रत्येक दार तीस इंचांचे आहे. गटास सव्वासोळा इंच लागतात. दोन्हीकडे सहा-सात इंच मोकळे राहतात. दाराची फट मग अडथळा न होता गटांमधील विराम होते, आणि पाच-पाच अंकांचे दोन तुकडे ध्यानात ठेवणे दहा सुट्या अंकांहून पुष्कळ सोपे जाते.

एकाहून अधिक क्रमांक लिहू नयेत. वर्ध्याचा दूरध्वनी-संकेतांक पाच अंकांचा, ०७१५२ हा आहे. त्यापुढे घरगुती क्रमांक जोडला की आणखी अकरा अंकांची भर पडते आणि दोन्ही क्रमांकांचा आकार निम्म्यावर येतो. मोठ्या एका क्रमांकाचे बळ किती असते याचे उदाहरण रस्त्यावरच आहे. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या आपत्कालीन रुग्णवाहिकांवर १०८ हे तीन अंक ठळक लिहिलेले असतात. त्या गाड्यांचे पूर्ण नाव फार थोड्यांना सांगता येईल, पण १०८ सर्वांस ठाऊक आहे. दूधवाल्यास तीन अंकांचा क्रमांक मिळणार नाही हे खरे. परंतु एकच क्रमांक, सर्वत्र तोच आणि मोठा, एवढे तरी त्याच्या हाती आहे. अंक देवनागरी असावेत की आंतरराष्ट्रीय, हाही प्रश्न येतो. नाव देवनागरीत शोभते व वाचलेही जाते. क्रमांकात मात्र दुरून '१' आणि '९' यांची गल्लत होण्याचा संभव असतो, आणि परप्रांतीय चालकांना देवनागरी अंक ओळखू येतीलच असे नाही. म्हणून क्रमांकापुरते आंतरराष्ट्रीय अंक घ्यावेत.

क्यूआर कोडाविषयी आजकाल फार आग्रह धरला जातो. त्याचे माप सोपे आहे: चौकोनाच्या बाजूच्या सुमारे दहापट अंतरावरून तो टिपता येतो. चार इंचांचा चौकोन चाळीस इंचांवरून, म्हणजे सव्वातीन फुटांवरून. मागील मोटारीत बसलेल्यास पंधरा फुटांवरून तो टिपावयाचा तर दीड फुटाचा चौकोन हवा, आणि तोही चालकाने हातातील यंत्र रोखून टिपावयाचा. असे निमंत्रण कोणी देऊ नये. कोडाची जागा डाव्या बाजूस, माल उतरविण्याच्या दाराजवळ, छातीच्या उंचीवर. जेथे गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभे असते. परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि पूर्ण पत्ताही तेथेच लहान अक्षरांत असावा. तो पाहू इच्छिणारा मनुष्य जवळ येऊनच पाहतो.

पाठीवर काय लिहू नये हेही सांगितले पाहिजे. मालमोटारींच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जाणारे 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ साली बंद करविले. त्यामुळे मागच्या चालकांना भोंगा वाजविण्यास उत्तेजन मिळते, हे त्याचे कारण होते. पाठीवरील शब्द मागच्या माणसाच्या हातून काही करवून घेतात, हे या निर्णयामागील तत्त्व विसरू नये. त्याचप्रमाणे पाठीवरील रंग दिव्यांशी झगडणारा नसावा. पाठ संपूर्ण लाल असेल तर थांबण्याचा लाल दिवा आणि लाल परावर्तक पट्टी दोन्ही तिच्यात बुडून जातात. नोंदणी-पट्टीभोवती वीतभर जागा मोकळी असावी. मालवाहू गाडीची ही पट्टी पिवळ्यावर काळ्या अक्षरांची असते आणि नियमाने तिच्यावरील अक्षर ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंचांहून किंचित अधिक उंच असते. हे अक्षर तपासणीस एक उपयुक्त मोजपट्टी देते: गाडीवरील क्रमांक जर 'एमएच ३२' या अक्षरांहूनही लहान दिसत असेल, तर तो निश्चित अपुरा आहे.

पाठीस आणखी एक शत्रू आहे, धूळ. चौकोनी पेटी पुढे धावताना तिच्या मागे हवेची पोकळी निर्माण होते आणि चाकांनी उडविलेली धूळ त्या पोकळीत ओढली जाऊन दारांवर बसते. आर्वी-कारंज्याकडील गावरस्त्यांवर एक फेरी झाली की खालचा तिसरा हिस्सा मातकट होतो. यास्तव क्रमांक पाठीच्या वरच्या अर्ध्यात असावा, आणि तो पांढऱ्यावर पिवळा किंवा आकाशी असा नाजूक रंगांत न लिहिता गडद-फिकट असा स्पष्ट विरोध असलेल्या रंगांत लिहावा.

तोंडाचा विचार सर्वांत थोडक्यात आटोपतो, कारण तेथे लिहावयाचेच थोडे आहे. समोरून येणारे वाहन आणि आपली गाडी दोन्ही ताशी ४० च्या वेगाने असतील तर अंतर सेकंदाला २२ मीटरांनी घटते. साठ मीटरांवरून दिसलेली गाडी तीन सेकंदांच्या आत शेजारून निघून जाते. त्या चालकाने रस्ता पाहावा हेच इष्ट. समोरच्या काचेवर नाव, देवदेवता किंवा झालर चिकटविणे तर स्वतःच्या चालकाची दृष्टी अडविणे होय. मग तोंडाचा उपयोग कोणाला? पहाटे फाटकाशी पातेले घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला. त्यांना अक्षरे वाचण्यापूर्वीच रंग ओळखू येतो. चालकाच्या खोलीच्या वर पेटीचा जो फूटभर भाग कपाळासारखा दिसतो, त्यावर एक ठळक रंगाचा पट्टा आणि नाव, एवढे पुरे. तोच पट्टा बाजूंवर व पाठीवर त्याच उंचीने फिरविला म्हणजे गाडी कोणत्याही अंगाने एकच दिसते. रुग्णवाहिकेच्या तोंडावर अक्षरे उलटी लिहितात, ती पुढील चालकाला आरशात सुलटी दिसावीत आणि त्याने वाट द्यावी म्हणून. दुधाच्या गाडीस वाट मागण्याचा तसा अधिकार नाही. तिच्या तोंडावर उलटे नाव केवळ पायी चालणाऱ्यास बुचकळ्यात टाकते.

आता तपासणीची रीत. रंग लावण्यापूर्वी पूर्ण मापाचा मजकूर साध्या कागदावर काढून गाडीस चिकटवावा. पडद्यावर किंवा वहीच्या पानावर पाहिलेले चित्र येथे फसविते; तेथे सगळेच हातभर अंतरावर असते. मग बाजू, पाठ आणि तोंड तीस पावलांवरून पाहावे. बाजू सरळ आणि अर्ध्या काटकोनातून, दोन्ही प्रकारे. दारे उघडून पुन्हा पाहावे. काढलेल्या छायाचित्रातून रंग काढून ते कृष्णधवल करावे. हिरव्यावर लाल अक्षरे रंगीत चित्रात उठून दिसतात आणि कृष्णधवलात पार्श्वभूमीत विरून जातात. तसे झाले तर संधिप्रकाशात, तसेच ज्यांना लाल-हिरवा भेद कळत नाही अशा पुरुषांनाही, ती वाचता येणार नाहीत असे समजावे.

शेवटची कसोटी माणसाची. ज्याने ही गाडी पूर्वी पाहिलेली नाही अशा व्यक्तीला दोन सेकंद बाजू दाखवून पाठ फिरवावयास सांगावे आणि विचारावे, "नाव काय होते? काय विकतात?" दोन्ही उत्तरे मिळाली नाहीत तर काहीतरी काढून टाकले पाहिजे. मालकाने किंवा रंगाऱ्याने ही परीक्षा स्वतः देण्यात अर्थ नाही; मजकूर पाठ असलेल्या डोळ्याला अक्षर पुसट असले तरी नाव दिसतेच. एकदा विचारलेला मनुष्यही दुसऱ्यांदा चालत नाही.

या कसोटीस उतरल्यावर आपल्या दूधवाल्याच्या यादीचे काय झाले ते पाहावे. बाजूंवर नाव, चिन्ह आणि तीन शब्द राहिले. डाव्या बाजूस दाराजवळ छोटी यादी, पत्ता, परवाना आणि कोड आले. पाठीवर वर नाव, त्याखाली 'दूध घरपोच', आणि दोन दारांवर पाच-पाच अंक. तोंडावर पट्टा आणि नाव. कुरण, ब्रीद, स्थापनेचे वर्ष, संकेतस्थळ व जादा दोन क्रमांक गळाले. गाय चिन्हाच्या रूपाने उरली. मालकाला यांतील ब्रीदाचा वियोग सर्वांत जड जातो. परंतु 'शुद्ध' आणि 'ताजे' हे शब्द प्रत्येक दूधगाडीवर असतात, म्हणून ते कोणत्याच गाडीची ओळख पटवीत नाहीत.

दोन सूचना जोडून ठेवाव्यात. नोंदणीपत्रात वाहनाचा रंग लिहिलेला असतो; अक्षरांपुरते काम नसून गाडीचा मूळ रंगच पालटावयाचा असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. दुसरे असे की, वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात स्वस्त छपाईतील लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा व काळा मागे राहतो. म्हणून क्रमांक लाल रंगात लिहू नये, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तीस पावलांची परीक्षा पुन्हा घ्यावी.

रंगकामाचा उपयोग झाला की नाही हे ताडण्यास एक वही पुरते. नवे गिऱ्हाईक दूरध्वनी करील तेव्हा त्याला क्रमांक कोठे मिळाला एवढे विचारून वहीत टिपावे, आणि 'गाडीवर' असे उत्तर आल्यास कोणत्या ठिकाणी पाहिला तेही लिहून ठेवावे. गाडीवरील मजकूर मालाची चव सांगू शकत नाही, भावही सांगू शकत नाही. नाव आणि क्रमांक पोचवून तो आपले काम संपवितो. ते काम तो करतो की नाही, हे तीन महिन्यांच्या नोंदींवरून कळते. रांगेतील आणि फाटकाशी पाहणारे अधिक निघाले तर पाठ आपले काम करीत आहे. गाडीला उद्देशून एकही नोंद नसेल, तर पुन्हा कागद चिकटवून तीस पावले मागे सरावे.